‘आमच्याकडे व्हेंडर आहे’ म्हणणाऱ्या परचेसला काय उत्तर द्यायचं: कोरुगेटेड बॉक्स पुरवठादारांसाठी पायरीपायरीने

चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज किंवा अंबड, एमआयडीसी कुठलीही असो, बॉक्सवाल्याचा फोन गेला की परचेसकडून पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “आमच्याकडे ऑलरेडी व्हेंडर आहे.” त्यावर बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. एक तर “ठीक आहे सर, काही लागलं तर सांगा” म्हणून फोन ठेवतात, नाहीतर “एकदा आमचा रेट तरी बघा” म्हणून गळ घालतात. दोन्हींचा उपयोग होत नाही. का होत नाही हे कळलं तर योग्य उत्तर आपोआप सुचतं, म्हणून आधी टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाचं काम पाहू.

नवीन व्हेंडर घ्यायचा म्हणजे परचेसच्या माणसाला आधी फॉर्म भरून घ्यावा लागतो. जीएसटी दाखला, पॅन, रद्द केलेला चेक, उद्यम नोंदणी हे सगळं गोळा करून अकाउंट्सकडून व्हेंडर कोड उघडून घ्यावा लागतो. मग क्वालिटीकडून नमुना पास करून घ्यायचा, स्टोअरला सांगायचं, ट्रायल लॉट कोणत्या शिफ्टला वापरायचा ते प्रॉडक्शनशी ठरवायचं. एवढं करून बॉक्स डिस्पॅचच्या दिवशी आला नाही किंवा गोदामात थप्पीखाली दबला, तर जाब त्यालाच विचारला जातो. जुन्या व्हेंडरचा माल उशिरा आला तर दोष व्हेंडरचा असतो. नव्याचा उशिरा आला तर “याला कोणी आणला?” असं विचारतात. बॉक्समागे पन्नास पैसे वाचले म्हणून त्याची पाठ कोणी थोपटत नाही.

म्हणजे ‘व्हेंडर आहे’ या वाक्यात बॉक्सची गरज नाही असं कुठेच म्हटलेलं नाही. उलट गरज आहे, रोज आहे आणि त्यासाठी पैसेही जातात, हे त्यानेच सांगितलं. त्याला नको आहे ते वाढीव काम आणि जोखीम. तेव्हा आपली मागणी इतकी लहान हवी की दोन्ही जवळपास शून्यावर येतील: चालू व्हेंडरला हात न लावता एकाच साइजचा, थोड्या नगांचा दुसरा पुरवठादार. हा लेख त्या एका मागणीबद्दल आहे.

पायरी पहिली: फोनवरचं पहिलं उत्तर

या उत्तराला पंधरा-वीस सेकंद मिळतात. त्यात तीन गोष्टी बसवायच्या: व्हेंडर आहे हे मान्य करायचं, त्याची जागा मागत नाही हे सांगायचं आणि ज्याचं उत्तर देणं त्याला सोपं जाईल असा एकच प्रश्न विचारायचा.

“हो साहेब, तुमच्या प्लांटला बॉक्स रोजच लागतात, व्हेंडर असणारच. त्यांचं काम काढून आम्हाला द्या असं नाही म्हणत मी. एवढंच विचारतो, एखादा कमी क्वांटिटीचा साइज आहे का, ज्याच्यासाठी दर वेळी फॉलोअप करावा लागतो?”

हा प्रश्न हवेतून काढलेला नाही. बॉक्सच्या कारखान्यात रीलवरून कोरुगेशन होतं, मग पेस्टिंग, शीट वाळली की रोटरीवर कटिंग-क्रीझिंग, मग प्रिंटिंग, स्लॉटिंग आणि शेवटी पिना किंवा गम. साइज बदलला की रोटरी, प्रिंटिंग आणि स्लॉटर तिन्हींचं सेटिंग बदलतं. तीन हजार बॉक्सच्या ऑर्डरमध्ये हा वेळ मुरतो. दोनशे-अडीचशे बॉक्ससाठी सेटिंगलाच माल काढण्यापेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून मोठा व्हेंडर असली ऑर्डर चार-पाच ऑर्डरी जमेपर्यंत मागे ठेवतो. त्यात त्याचा आळस नसतो, त्याचं गणितच तसं असतं. त्यामुळे जवळपास प्रत्येक प्लांटमध्ये असे एक-दोन साइज सापडतात: स्पेअर पार्ट्सचा बॉक्स, सॅम्पल पाठवायचा बॉक्स, एखाद्याच ग्राहकासाठी वेगळं प्रिंट असलेला बॉक्स. परचेसच्या माणसाला तो साइज तोंडपाठ असतो, कारण त्यासाठी त्यानेच दहा फोन केलेले असतात.

पहिल्या फोनवर दोन गोष्टी तोंडातून निघू देऊ नयेत. पहिली, सध्याच्या व्हेंडरबद्दल वाकडा शब्द. तो व्हेंडर समोरच्या माणसाने निवडलेला किंवा वर्षानुवर्षं सांभाळलेला असतो. त्याला नावं ठेवली की ती या माणसालाच लागतात. दुसरी, “आमचा रेट कमी आहे.” ज्या बॉक्सचा कागद, प्लाय, माप काहीच पाहिलेलं नाही त्याचा रेट कमी कसा असेल, हे परचेसलाही कळतं. आणि त्याने खरंच रेट मागवला तर तो कागद जुन्या व्हेंडरसमोर ठेवला जातो, तो चाळीस पैसे कमी करतो आणि आपली फाइल बंद होते. आपला रेट दुसऱ्याच्या घासाघीशीला कामी येतो.

पायरी दुसरी: वाक्याचा अर्थ ओळखणं

एकच वाक्य चार वेगवेगळ्या परिस्थितीत बोललं जातं, आणि चारही ठिकाणी पुढची चाल वेगळी असते. वाक्य कधी आलं आणि त्याच्या मागोमाग काय आलं, यावरून अर्थ लागतो.

आपण काय बनवतो हे सांगायच्या आतच ‘व्हेंडर आहे’ आलं, तर ते सवयीचं उत्तर. दिवसाला असे पाच-सहा फोन येतात, सगळ्यांना तेच. वरचा प्रश्न इथे सर्वांत जास्त चालतो, कारण तो माणूस थांबून विचार करतो.

“आठ वर्षं झाली, एकदाही लाइन थांबली नाही” असा तपशील आला तर माणूस खरोखर समाधानी आहे. त्याच्याशी वाद घालू नये. “मग तर चांगलंच आहे, त्यांच्याकडे मशीन बंद पडलं किंवा पावसात गाडी अडकली तर दुसरी सोय म्हणून एक साइज पास करून ठेवाल का?” एवढं विचारून पाहावं. समाधानी माणसाच्या मनातही सगळा माल एकाच दारातून येतो याची थोडी धास्ती असते. ऑडिटमध्ये पर्यायी पुरवठादार विचारला जात असेल, तर हा मुद्दा तो स्वतःच उचलतो.

“मार्चपर्यंत रेट कॉन्ट्रॅक्ट आहे” किंवा “हे हेड ऑफिस ठरवतं” असं आलं तर त्याचे हात बांधलेले आहेत. इथे आजचा प्रश्न एकच: कॉन्ट्रॅक्ट कधी संपतं आणि नवीन चौकशी साधारण किती आधी निघते. तारीख लिहून घ्यावी, त्याच्या दोन महिने आधी नमुना पोचेल असं पाहावं, आणि मधे त्रास देऊ नये. हेड ऑफिसचा कॉन्ट्रॅक्ट असला तरी ठरावीक रकमेखालची खरेदी प्लांटला स्वतः करता येते का, हेही विचारावं. पुष्कळ ठिकाणी येते, आणि अडीचशे बॉक्सची ऑर्डर त्यात बसते.

चौथा प्रकार: कारण न देता “ते वरून ठरतं” म्हणून विषय तोडला जातो, साइज विचारला तरी सांगत नाहीत. व्हेंडर मालकाच्या नात्यातला किंवा संबंधातला असण्याची शक्यता असते. तिथे दोनदा प्रयत्न करून थांबावं. पेट्रोल आणि वेळ दुसऱ्या गेटवर खर्च करावा.

याशिवाय एक फसवा होकारही असतो. ‘व्हेंडर आहे’ म्हणणारा माणूस दोन दिवसांनी स्वतःच फोन करून सांगतो, “सगळ्या वीस साइजचं कोटेशन संध्याकाळपर्यंत पाठवा.” नमुना देत नाही, ड्रॉइंग देत नाही, भेटायला बोलवत नाही. फाइलला तीन कोटेशनं लावायची आहेत आणि आपण तिसरे, असा त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो. नाही म्हणायची गरज नाही. “साहेब, एका साइजचं आज देतो, कागदाच्या तपशिलासकट. बाकीच्यांचे नमुने मिळाले की मोजून देतो” असं सांगावं. खरी गरज असेल तर नमुने मिळतात. नसेल तर आपले वीस रेट बाजारात फिरायचे वाचतात.

पायरी तिसरी: नमुना बॉक्स आणि त्याची मोजणी

त्याने एखादा साइज सांगितला की कोटेशन देण्याआधी चालू बॉक्सचे दोन नग मागावेत. ‘पाच प्लाय, 300 बाय 200 बाय 150’ एवढ्यावर रेट दिला की पुढे हमखास गोंधळ होतो. माप आतलं की बाहेरचं हे त्यात नाही, आणि पाच प्लायचा बॉक्स हलक्या कागदाचाही होतो, भारी कागदाचाही. हा फरक न कळता दिलेला कमी रेट म्हणजे ट्रायलमध्ये नापास होण्याची तयारीच.

समजा स्पेअर पार्ट्सचा बॉक्स आहे, आतलं माप 300 × 200 × 150 मिमी, पाच प्लाय, महिन्याला 250 नग. नमुना हातात आल्यावर एवढं करावं.

आतलं माप बॉक्स उभा करून, क्रीझपासून क्रीझपर्यंत घ्यावं. पाच प्लायची जाडी दोन्ही बाजूंनी धरली तर बाहेरचं माप लांबी-रुंदीत साधारण दहा-बारा मिलीमीटरने वाढतं, आणि पॅलेटवर आठ बॉक्स ओळीने बसवायचे असतील तर हा फरक निर्णायक ठरतो. मग बॉक्स काट्यावर ठेवून वजन लिहावं. दुसऱ्या नगाचा एक सपाट तुकडा पाण्यात भिजवावा. स्टार्चचा गम सुटला की पाचही कागद हळूच वेगळे करून सावलीत पूर्ण वाळवावेत. नळीचा कागद हाताने सपाट करावा. प्रत्येकातून 10 × 10 सेंटीमीटरचा चौकोन कापून, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर तोलावा. आलेलं वजन गुणिले शंभर म्हणजे त्या कागदाचं जीएसएम. 1.20 ग्रॅम आलं तर कागद 120 जीएसएमचा.

आता हिशेब जुळतो का ते पाहायचं. या बॉक्सच्या शीटची लांबी म्हणजे लांबी-रुंदीच्या बेरजेची दुप्पट, 1000 मिमी, अधिक जोडपट्टीचे 40, म्हणजे 1040. शीटची रुंदी म्हणजे रुंदी अधिक उंची, 350, अधिक क्रीझसाठी 10, म्हणजे 360. क्षेत्रफळ 0.374 चौरस मीटर. कागद सगळे 120 जीएसएमचे निघाले तर तीन सपाट थरांचे 360, आणि दोन नळ्यांचे, नळी साधारण 1.4 पट कागद खाते असं धरून, 336. गमाचे वीस धरले की 716. याला 0.374 ने गुणलं की 268 ग्रॅम. काट्यावरचं वजन याच्या आसपास असेल तर मोजणी बरोबर. 300 ग्रॅम भरलं तर एखादा थर भारी कागदाचा आहे आणि तो आपल्या नजरेतून सुटला, पुन्हा मोजावं.

एक गोष्ट इथे नक्की चुकते, ती म्हणजे पावसाळ्यातलं वजन. 268 ग्रॅम हे वजन बॉक्समध्ये ओलावा आठ टक्के असतानाचं आहे. तोच बॉक्स जुलैत उघड्या गोदामात पडून तेरा टक्क्यांवर गेला की 283 ग्रॅम भरतो. कागद तेवढाच, पंधरा ग्रॅम निव्वळ पाणी. म्हणून ओलावामापक लावून आकडा वजनाशेजारी लिहावा, नाहीतर दमट बॉक्सच्या वजनावर रेट काढून आपण स्वतःच महाग पडतो.

जीएसएमनंतर बर्स्टिंग फॅक्टर, म्हणजे बोलण्यातला बीएफ. तेवढ्याच वजनाचा कागद 16 बीएफचाही असतो आणि 20 चाही. दाबाने फुटण्याची ताकद आणि भावही त्याप्रमाणे बदलतो. कागद वेगळे करून बीएफ हाताने कळत नाही, त्याला बर्स्टिंग टेस्टर लागतो. स्वतःकडे नसेल तर प्रयोगशाळेकडून एक नमुना तपासून घ्यावा. तो खर्च ट्रायल फुकट जाण्यापेक्षा कमीच असतो.

या मोजणीत चालू व्हेंडरचा बॉक्स ठरलेल्या तपशिलापेक्षा हलका निघाला तर काय? मोह होतो, पण तो शोध परचेससमोर आपटायचा नाही. कोटेशनमध्ये आपल्या बॉक्सचा तपशील थराथराने लिहायचा आणि खाली एक ओळ: “दोन्ही नमुन्यांचं वजन व ओलावा एकत्र मोजता येईल.” क्वालिटीचा माणूस ते स्वतः करतो. त्याने स्वतः काढलेला आकडा प्लांटमध्ये चालतो. आपण सांगितलेला आकडा तक्रार वाटते.

पायरी चौथी: लेखी उत्तर

फोननंतर त्याच दिवशी व्हॉट्सॲप किंवा मेल जायला हवा. मोठा कंपनी परिचय, मशीनचे फोटो, ग्राहकांची यादी, यातलं काही नको. जो साइज बोलण्यात आला तोच विषय.

“नमस्कार साहेब. सकाळी बोलल्याप्रमाणे, 300×200×150 स्पेअर बॉक्ससाठी. तुमचा चालू व्हेंडर आहे तसाच राहू द्या. फक्त या एका साइजसाठी 250 नगांची ट्रायल सुचवतो. नमुन्याचे दोन नग स्टोअरमधून मी स्वतः घेऊन जातो. तीन दिवसांत मोजणीसह रेट देतो, पीओनंतर पाच दिवसांत माल. तुमच्याकडून फक्त स्टोअरला एक फोन हवा. गुरुवारी सकाळी आलो तर चालेल का?”

या मेसेजचं बळ शेवटच्या तीन वाक्यांत आहे. दिवस ठरलेले आहेत, समोरच्याने करायचं काम एकच आहे आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘शुक्रवारी या’ एवढ्यात देता येतं. “आपल्या सोयीने कळवा” असं लिहिलं की सोय कधीच होत नाही. पाच दिवस लिहिताना मात्र आपल्याकडे तो कागद पडून आहे का ते आधी पाहावं. नसेल तर आठ लिहावेत. पहिल्याच ऑर्डरला दिलेली तारीख चुकली की परचेसच्या मनातली भीती खरी ठरते आणि दुसरी संधी नसते.

रेट देताना तो 15 दिवसांपुरता आहे हे लिहावं. क्राफ्ट कागदाचे भाव मिलकडून अचानक बदलतात, आणि तीन महिन्यांपूर्वीच्या रेटवर पीओ आला तर तोटा सोसावा तरी लागतो किंवा पहिल्याच व्यवहारात भाव वाढवून मागावा लागतो. लहान लॉटचा रेट मोठ्या लॉटपेक्षा जास्तच असणार, तोही खरा सांगावा. आत शिरायचं म्हणून तोट्यात दिलेला रेट पुढच्या वर्षी ‘तुम्हीच दिला होता’ म्हणून समोर येतो.

पायरी पाचवी: ट्रायल लॉट

ट्रायलचे 250 बॉक्स जुन्या मालात मिसळले तर निकाल कधीच लागत नाही. म्हणून प्रत्येक बंडलवर तारीख, लॉट नंबर आणि ‘ट्रायल’ असं लेबल लावावं, आणि स्टोअरच्या माणसाला ते कुठे ठेवायचे हे प्रत्यक्ष दाखवावं. जमिनीवर नको, भिंतीला टेकून नको, लाकडी पॅलेटवर. गाडीतून उतरवताना ओलावामापक लावून आकडा चलनावर लिहावा आणि स्टोअरची सही घ्यावी. सहा ते नऊ टक्के हा ठीक आकडा. चार आठवड्यांनी ‘तुमचा बॉक्स मऊ पडला’ अशी तक्रार आली तर तो आमच्याकडून तसा आला की गोदामात झाला, हे या एका आकड्यावरून ठरतं.

माल भरायला सुरुवात होईल त्या शिफ्टला लाइनवर हजर राहावं. बॉक्स भरणाऱ्या मुलाला जे दिसतं ते क्वालिटीच्या टेबलावर दिसत नाही: झाकण दुमडताना क्रीझवर कागद फाटतो, दोन पाकळ्या मधोमध न भेटता चार मिलीमीटरची फट राहते, पिन आतून बोटाला लागते, टेप धरत नाही. क्रीझ फाटली तर कागद फार कोरडा किंवा क्रीझिंगचं चाक जास्त दाबाचं. फट राहिली तर स्लॉटरची सेटिंग सरकलेली. बॉक्स चौकोनी न राहता तिरका उभा राहत असेल तर जोडपट्टी वाकडी चिकटलेली. यातलं प्रत्येक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊ शकतं, पण आपण तिथे नसलो तर मुलगा फक्त एवढंच सांगतो, “नवीन बॉक्स बरोबर नाही.”

नापास होण्याचं मोठं कारण बहुधा दुसऱ्या लॉटमध्ये असतं. पहिला लॉट मालक स्वतः उभं राहून काढतो, दुसरा रात्रपाळीत निघतो आणि एखादा थर हलक्या रीलचा लागतो. म्हणून पहिल्या तीन लॉटमधला एकेक बॉक्स स्वतःकडे ठेवून वर सांगितल्याप्रमाणे वजन लिहावं. 268 चा बॉक्स 255 वर आला तर गाडी सुटण्याआधी कळायला हवं.

कागदपत्रांत उद्यम नोंदणीचा क्रमांक व्हेंडर फॉर्मवर आणि बिलावर न चुकता छापावा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेत असं एमएसएमईडी कायदा, 2006 सांगतो, आणि एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या आयकर कायद्याच्या कलम 43बी(एच) मुळे उशिरा दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळू लागली. नोंद असली की त्यांचं अकाउंट्स स्वतःच तारीख पाळतं. पहिल्या भेटीत मात्र कायदा काढू नये, तो धमकीसारखा ऐकू येतो.

पायरी सहावी: नकार कायम राहिला तर पाठपुरावा

पुष्कळदा ट्रायलही मिळत नाही. दर सोमवारी “काही आहे का साहेब?” असा मेसेज टाकणाऱ्याचा नंबर म्यूट होतो. त्याऐवजी जुन्या व्हेंडरवर ताण येतो ते काळ धरावेत. वर्षात असे दोन काळ ठरलेले आहेत.

पहिला पावसाळा. दमट हवेत कोरुगेटेड बॉक्सची थप्पी पेलण्याची ताकद झपाट्याने घटते. हवेतली आर्द्रता पन्नासवरून नव्वद टक्क्यांवर गेली की ती जवळपास निम्म्यावर येते. उन्हाळ्यात पाच बॉक्सची थप्पी सहज पेलणारा बॉक्स ऑगस्टमध्ये खालून फुगतो. म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक मेसेज: “साहेब, मागच्या पावसात कुठल्या साइजचे बॉक्स दबले होते का? त्या एका साइजसाठी भारी कागदाचा नमुना जूनच्या आत पोचवतो.” जूनमध्ये पाठवला तर उशीर होतो, कारण नमुना पास व्हायलाच महिना जातो.

दुसरा दिवाळी. त्याआधी सगळ्यांचीच डिस्पॅच वाढते, बॉक्स कारखान्यांतले परगावचे कामगार गावी जातात आणि नंतर आठ-दहा दिवस मशीनं अर्धवट चालतात. ऑक्टोबर लागताच विचारावं: “सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्याचा स्टॉक कमी पडेल असा एखादा साइज आहे का?” अर्थात आपल्याकडे माणसं थांबणार असतील तरच.

एक दिवस तो फोन येतोच: “उद्या सकाळपर्यंत 500 बॉक्स मिळतील का?” इथे उत्तर दहा मिनिटांत हवं आणि खरं हवं. साधा पाकळ्यांचा बॉक्स असेल तर डाय लागत नाही, स्लॉटरवर माप लावून निघतो. प्रिंटिंगचा स्टिरिओ आपल्याकडे नसणार, तेव्हा कोरा बॉक्स आणि छापील स्टिकर चालेल का हे लगेच विचारावं. डायकट बॉक्स असेल तर डाय बनेपर्यंत जमणार नाही, तसं स्पष्ट सांगावं. व्हेंडर कोड नसताना माल गेटच्या आत घेता येत नाही, म्हणून गाडी निघण्याआधी मेलवर पीओ किंवा रोख खरेदीची मंजुरी मागून घ्यावी. नाहीतर गाडी दिवसभर गेटवर उभी राहते. रात्रपाळीचा खरा खर्च लावावा, त्यावर अडलेल्याचा फायदा घेऊ नये. तो रेट परचेसच्या लक्षात वर्षभर राहतो.

माल पोचल्यावर त्याच संध्याकाळी मोठी ऑर्डर मागायची घाई करू नये. चार-पाच दिवसांनी, लाइन सुरळीत झाल्यावर, “साहेब, हा साइज अधूनमधून आमच्याकडून घेतला तर स्टिरिओ बनवून ठेवतो आणि कागद राखून ठेवतो” असं म्हणावं. महिन्याच्या गरजेतले वीस ते तीस टक्के दुसऱ्या पुरवठादाराला द्यायला बहुतेक परचेसवाले इथे तयार होतात, कारण आता विषय बाहेरच्या माणसाचा राहिलेला नसतो.

शेवटची गोष्ट नोंदीची. प्रत्येक प्लांटसाठी एक कार्ड ठेवावं: कोण म्हणालं, कोणत्या तारखेला, नेमके शब्द काय, कॉन्ट्रॅक्ट कधी संपतं, कोणत्या साइजचा त्रास आहे. नमुन्याचा बॉक्स सपाट करून, त्यावर वजन, ओलावा आणि तारीख मार्करने लिहून, कोरड्या जागी उभा ठेवावा. परचेसची माणसं दोन-तीन वर्षांत बदलतात. नवीन साहेब येतो तेव्हा त्यालाही चालू व्हेंडरचीच ओळख करून दिली जाते आणि तोही आपल्याला तेच वाक्य ऐकवतो. त्याच्यापुढे तो जुना बॉक्स ठेवून “हा तुमचा स्पेअरचा साइज, महिन्याला अडीचशे, दिवाळीत कमी पडतो” एवढं सांगता आलं पाहिजे.